पाण्यावरील हिंदी भाषण कसे असावे?

आपल्या शाळेच्या प्रार्थनासभेत वर्षातून दोन-तीनदा तरी पाण्याच्या बचतीवर हिंदी भाषण होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाप्रमाणे १९९३ सालापासून २२ मार्च हा दिवस जागतिक जलदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी एक भाषण ठरलेले असते, हिंदी दिनाला दुसरे होते आणि उन्हाळ्याच्या तोंडी नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले की तिसरे. ही भाषणे मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. त्यांतील बहुतेक मला आज आठवत नाहीत, आणि ज्यांनी ती केली त्या विद्यार्थ्यांनाही ती आठवत नसावीत असे वाटते. असे का व्हावे, आणि ह्यापेक्षा निराळे भाषण कसे होऊ शकते, ह्याविषयी दोन शब्द लिहिण्याचे मनात आहे. हा प्रश्न वक्तृत्वाच्या बक्षिसापुरता नाही. सहाशे मुले उन्हात तीन मिनिटे उभी राहून ज्या विषयावर ऐकतात, त्या विषयात त्यांच्या हातून पुढे काही घडावे की न घडावे, एवढी ही गोष्ट मोठी आहे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पाण्यावरील भाषणात वक्त्याने स्वतः मोजलेली एक तरी गोष्ट असावी; त्याची वाक्ये एका श्वासात मावतील एवढी आखूड असावीत; आणि शेवटचे वाक्य असे असावे की ते दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या भाषणाला जोडता येऊ नये. ह्या तिन्ही गोष्टी परस्परांपासून वेगळ्या नाहीत हे मला एका विद्यार्थ्याच्या भाषणावरून कळले. ती हकीकत क्रमाने सांगितली म्हणजे माझे म्हणणे आपोआप स्पष्ट होईल.

हा विद्यार्थी आठव्या इयत्तेतला. घर जळगावात, पण आजोबांचे गाव धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. जलदिनाच्या आठ दिवस आधी तो आपले भाषण लिहून माझ्याकडे तपासण्यासाठी घेऊन आला. वही सुबक होती, अक्षर मोत्यासारखे होते. पहिल्या पानावर पृथ्वीवर समुद्र किती व गोडे पाणी किती ह्याचे आकडे होते. दुसऱ्या पानावर पुढील महायुद्ध पाण्यावरून होईल असे भाकीत होते. तिसऱ्या पानाच्या शेवटी रहीमचा तो प्रसिद्ध दोहा होता. मी वही मिटली आणि म्हणालो, "अरे, ह्यात 'जल' हा शब्द आहे तेथे 'वृक्ष' लिही आणि पुन्हा वाचून दाखव." त्याने वाचले. आकडे तेवढे अडखळले. बाकीचे भाषण जसेच्या तसे चालले. तो स्वतःच हसला. "सर, हे तर कोणाचेही भाषण आहे," असे तो म्हणाला. भाषणाची पारख करण्याची ही साधी कसोटी आहे आणि ती पालकांनाही घरी लावून पाहता येईल. विषयाचे नाव बदलून भाषण उभे राहत असेल, तर त्या भाषणात तो विषय मुळी आलेलाच नाही असे समजावे.

मग मी त्यास विचारले, "आपल्या शाळेत पाणी कोठे वाया जाते ते तू पाहिले आहेस काय?" त्याने सांगितले की, पाण्याच्या टाकीजवळच्या ओळीत डावीकडून तिसरा नळ नेहमी गळतो. "किती गळतो?" ह्या प्रश्नावर त्याने "पुष्कळ" असे उत्तर दिले. 'पुष्कळ' हा शब्द भाषणात निरुपयोगी असतो, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याने काहीच उभे राहत नाही. म्हणून सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही दोघे एक पेला व घड्याळ घेऊन नळापाशी गेलो. पेला किती पाणी घेतो हे आधी पाहिले: एक लिटरच्या बाटलीतून तो पाच वेळा भरला, म्हणजे तो २०० मिलिलिटरचा होता. त्याने नळ हलक्या हाताने पण पुरता बंद केला, खाली पेला ठेवला आणि घड्याळ पाहिले. १२ मिनिटांनी पेला काठोकाठ भरला. पुढचा हिशेब त्याने तेथेच उभ्याउभ्या केला. ६० मिनिटांत असे पाच पेले, म्हणजे एक लिटर. आणि दिवसाच्या २४ तासांत २४ लिटर. हंडा १२ लिटरांचा धरला, तर रोज दोन हंडे. हे गळणे शाळा सुटल्यावर थांबत नाही. ते रात्रीही चालते आणि रविवारीही चालते, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आकडा मिळाला की तो फुगवण्याचा मोह होतो. 'ह्या नळाच्या पाण्यावर एक शेत पिकले असते' असे वाक्य त्याने लगेच सुचवले. मी ते काढावयास लावले. ज्या जिल्ह्यात केळीच्या बागा आहेत, तेथे शेताला किती पाणी लागते हे शेतकऱ्यांची मुले जाणतात. ती मनात हसतील, आणि मग २४ लिटरांवरही त्यांचा विश्वास राहणार नाही. दोन हंडे म्हणजे दोनच हंडे. लिटरभराची बाटली आणणाऱ्या २४ मुलांचे ते एका दिवसाचे पिण्याचे पाणी आहे. एवढे खरे आहे आणि एवढे पुरेसे आहे.

मोजण्यामुळे दुसरी एक गोष्ट उघड झाली, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची होती. त्याच्या पहिल्या भाषणातील उपदेश होता, 'नळ उघडा टाकू नका.' परंतु हा नळ कोणी उघडा टाकलेलाच नव्हता. तो बंद केलेला असतानाही गळत होता. जुन्या पितळी नळाच्या आत जो रबरी वायसर असतो, तो झिजला म्हणजे नळ कितीही फिरवला तरी पाण्याची वाट पुरती बंद होत नाही. मुलांना वाटते की आणखी जोर लावावा. त्या जोराने वायसर अधिकच चेपतो, पुढे आटेही खराब होतात आणि गळती वाढते. ओळखण्याची रीत सोपी आहे. नळ हलक्या हाताने पुरता बंद करावा. थेंब थांबले तर आधीच्या माणसाचा निष्काळजीपणा होता, आणि थेंब चालूच राहिले तर वायसर झिजला आहे. पहिल्या दोषावर उपदेश हा उपाय आहे, दुसऱ्यावर नव्हे. तेथे कार्यालयात जाऊन सांगणे आणि काही रुपयांचा वायसर बदलून घेणे हाच उपाय. ज्या मुलांनी नळ नीट बंद केला त्यांनाच 'नळ बंद करा' म्हणून बजावणे अन्यायाचे आहे, आणि अन्यायाचा उपदेश कोणीही मनावर घेत नाही. आमची पुष्कळशी भाषणे वाया जातात त्याचे एक कारण हे आहे की, ती ज्या दोषावर बोलतात तो दोष समोर बसलेल्यांचा नसतो.

आता भाषेकडे वळतो. आपली मुले घरी मराठी किंवा अहिराणी बोलतात. हिंदी ती पाचवीपासून शिकतात. त्यामुळे हिंदी भाषण म्हटले की भारदस्त शब्द व लांब वाक्य ह्यांचा आश्रय घ्यावा असे त्यांना वाटते. ह्या मुलाच्या वहीतील एक वाक्य असे होते: "यदि हम सब, जो कि इस देश के भावी नागरिक हैं, आज से ही जल का, जो प्रकृति की अमूल्य देन है, अपव्यय रोकने का, जितना भी हमसे हो सके, प्रयत्न नहीं करेंगे, तो आनेवाली पीढ़ियाँ हमें क्षमा नहीं करेंगी।" व्याकरणदृष्ट्या ह्यात दोष नाही. परंतु हे वाक्य मैदानात उभ्या असलेल्या पाचवीच्या मुलाच्या कानांनी ऐकून पाहा. हिंदीत, मराठीप्रमाणेच, क्रियापद शेवटी येते. काय करावयाचे किंवा करावयाचे नाही हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. येथे ते इतक्या उशिरा येते की तोपर्यंत आरंभ विसरला जातो. आणि बोलणाऱ्याचा श्वास मध्येच 'अमूल्य देन है' पाशी संपल्यामुळे वाक्य भलत्याच ठिकाणी तुटते. आखूड वाक्याचे कारण सौंदर्य हे नव्हे. त्यात क्रियापद लवकर येते आणि ते ऐकणाऱ्याच्या हाती लागते, हे त्याचे कारण आहे. पाच ते नऊ शब्दांचे वाक्य लहान मुलाच्या एका श्वासात बसते. जेथे आकडा असेल तेथे वाक्य त्याहूनही लहान असावे, आकड्यानंतर क्षणभर थांबावे, आणि तो एकदा पुन्हा उच्चारावा. हिंदीतील 'उनसठ', 'उनहत्तर' असे शब्द आमची मुले गोंधळून ऐकतात. 'चौबीस' मात्र 'चोवीस'च्या इतके जवळ आहे की ते पहिलीच्या मुलालाही कळते. ह्या बाबतीत नळाने आमच्यावर उपकारच केले म्हणावयाचे.

आखूड वाक्य लिहिताना मराठी मनाच्या चुका अधिक स्पष्ट दिसतात, हाही एक लाभ आहे. 'थेंब' आपल्याकडे पुल्लिंगी, म्हणून मुले 'बूँद गिरता है' म्हणतात. हिंदीत 'बूँद' स्त्रीलिंगी, तेव्हा 'बूँद गिरती है' असे हवे. आपण 'मी मोजले' म्हणतो, त्यावरून 'मैं नापा' असे तोंडात येते. हिंदीत 'मैंने नापा' म्हणावे लागते. काही शब्द तर दोन्ही भाषांत असून त्यांचे अर्थ निराळे आहेत. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. 'पानी बचाने की चेष्टा कीजिए' असे वाक्य आमच्या सभेत उच्चारले गेले तेव्हा मागच्या रांगांत खसखस पिकली, आणि बिचाऱ्या वक्त्याला आपले काय चुकले ते कळेना. त्याची हिंदी बरोबर होती. परंतु श्रोते मराठी होते. अशा वेळी 'कोशिश' म्हणावे. जो शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने चालतो तो निवडणे हे खानदेशातल्या हिंदी वक्त्याचे पहिले शहाणपण होय.

राहिला प्रश्न शेवटाचा. त्या मुलाला रहीमचा दोहा सोडवेना. "सर, शेवटी दोहा म्हटला की टाळ्या पडतात," असे त्याचे म्हणणे. ते खरे आहे. पण त्या दोह्यात 'पानी' हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी आला आहे: मोत्याच्या संबंधात तेज, माणसाच्या संबंधात अब्रू, आणि पिठाच्या संबंधात तेवढे साधे पाणी. कवीचा रोख मुख्यतः माणसाने आपली अब्रू राखावी ह्यावर आहे. नळ राखावा ह्यावर नाही. तेव्हा दोहा उत्तम असला तरी तो ह्या भाषणाचा निष्कर्ष होत नाही. तो शेवटी अडकवलेला दागिना होतो.

ह्यात एक गंमत आहे. ज्या रहीमचा दोहा आम्ही पाठ म्हणतो, तो अब्दुल रहीम खानखानान आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुरात राहून गेलेला आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी ते जुन्या खानदेशाच्या राजधानीचे ठिकाण होते, आणि जळगावहून भुसावळ व रावेर ओलांडले की आगगाडी तेथेच जाते. रहीम तेथे मोगलांचा अधिकारी असताना, १६१५ च्या सुमारास, त्या शहरासाठी जमिनीखालून पाण्याची एक योजना बांधण्यात आली. सातपुड्याच्या पायथ्याकडून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने उताराच्या आधारे शहराकडे आणले, आणि त्या मार्गावर शंभरावर उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, खोदल्या. लोक त्यास कुंडी भंडारा म्हणतात. त्यातून पाणी आजही वाहते. त्यात मोट नाही की पंप नाही. पाणी जमिनीखालून जात असल्यामुळे उन्हाने ते आटतही नाही. पाण्यावर बोलताना रहीमचे नाव घ्यावयाचेच असेल, तर खानदेशच्या मुलाने त्याच्या दोह्यापेक्षा त्याच्या काळातील ह्या कामाची आठवण करणे अधिक शोभेल, असे मी त्यास सांगितले.

परंतु त्याच्या भाषणाला कुंडी भंडाराही लागू पडत नव्हता, कारण त्याचा विषय गळका नळ हा होता. म्हणून मी त्यास शनिवार-रविवार आजोबांकडे जाऊन 'पूर्वी पाण्याची राखण कोण करी' एवढेच विचारून यावयास सांगितले. तो परतला तो एक शब्द घेऊनच. तो शब्द होता 'पाटकरी'.

ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगतो. पांझरा, कान, मोसम ह्या नद्यांच्या काठी शेतीला पाणी देण्याची एक फार जुनी रीत होती. तिला फडपद्धती म्हणतात. नदीला बंधारा घालून पाटाने पाणी काढीत आणि भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडीत; अशा एका तुकड्याचे नाव फड. एका फडात अनेक शेतकऱ्यांची शेते असत, पण पीक सर्वांनी ठरवून एकच घ्यावयाचे. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यावयाचे नाही. ते देण्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असे. तो ओळीने एकामागून एक शेत भिजवीत जाई. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी किती फड भिजवावयाचे हे शेतकरी मिळून आधीच ठरवीत, म्हणजे मध्येच कोणाचे उभे पीक वाळू नये. विहिरी, पंप आणि नदीच्या वरच्या अंगाची धरणे आल्यानंतर ही पद्धती पुष्कळ ठिकाणी मोडली. काही गावांतून ती अजून दिसते. तिचे दोष नव्हते असे नाही. ज्याची जमीन फडाबाहेर त्याला त्या पाटाचा काही लाभ नसे. परंतु तिच्यात एक गोष्ट पक्की होती: पाणी वाया गेले तर कोणाला विचारावयाचे हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या शाळेतल्या तिसऱ्या नळाविषयी नेमके हेच कोणाला ठाऊक नव्हते. सहाशे मुलांनी तो गळताना पाहिला होता, आणि प्रत्येकाला वाटले होते की हे काम दुसऱ्या कोणाचे असावे.

येथे भाषणाचा शेवट सापडला. तो कोणत्याही पुस्तकात नव्हता. नळ, पेला आणि आजोबा ह्यांच्यामधून तो आला होता. त्या मुलाने नव्याने लिहिलेले भाषण त्याच्या परवानगीने येथे देतो. ते दोन मिनिटांच्या आत संपते.

"आदरणीय गुरुजनो और मेरे साथियो, मैं आज समुद्र की बात नहीं करूँगा। मैं एक नल की बात करूँगा। वह नल हमारी पाठशाला का है। बाईं ओर से तीसरा।

"सोमवार को मैंने उसे बंद किया। धीरे से, पर पूरा। फिर भी बूँद गिरती रही। टप। टप। टप।

"मैंने नीचे एक गिलास रखा। गिलास बारह मिनट में भर गया। ऐसे पाँच गिलास का एक लीटर होता है। यानी घंटे में एक लीटर। और दिन में चौबीस लीटर। चौबीस।

"चौबीस लीटर यानी दो हंडे। दो हंडे, रोज़। रात को भी। रविवार को भी।

"किसी ने नल खुला नहीं छोड़ा। किसी ने पानी नहीं फेंका। फिर पानी गया क्यों? सबने देखा। किसी ने बताया नहीं।

"मेरे दादाजी का गाँव पांझरा के किनारे है। वहाँ खेतों को पाट का पानी मिलता था। अपने हाथ से कोई पानी नहीं लेता था। पानी देनेवाला एक आदमी होता था। उसे पाटकरी कहते थे। पानी बेकार बहे, तो उसी से पूछा जाता था।

"हमारे नल का पाटकरी कौन है? चपरासी? गुरुजी? नगरपालिका?

"साथियो, मेरी एक ही विनती है। नल टपके, तो उसे ज़ोर से मत कसो। उसी दिन कार्यालय में बताओ।

"मैं अपने से शुरू करता हूँ। बाईं ओर से तीसरा नल। उसका पाटकरी मैं हूँ।"

भाषण संपल्यावर टाळ्या लगेच पडल्या नाहीत. क्षणभर सभा शांत राहिली, आणि मग बहुतेक सर्व मुलांनी माना वळवून टाकीकडे पाहिले. माझ्या मते ते मान वळवणे टाळ्यांपेक्षा मोलाचे होते. त्याच दिवशी दुपारी शिपायाने वायसर बदलला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तोच पेला त्याच नळाखाली मधली सुट्टीभर ठेवला. तो कोरडाच राहिला. हे सांगितले नाही तर हकीकत अपुरी राहील, कारण मोजून आरंभ केलेल्या गोष्टीचा शेवटही मोजूनच झाला पाहिजे.

काही पालकांना हे भाषण फार साधे वाटले. एका गृहस्थांनी मला म्हटले, "सर, ह्यात हिंदी कोठे आहे? मुलाला चार चांगले शब्द तरी येऊ द्या." हा आक्षेप मी हलका समजत नाही. मुलाची शब्दसंपत्ती वाढावी ही आईबापांची इच्छा रास्त आहे, आणि निबंधाच्या वहीत तिला भरपूर जागा आहे. निबंध वाचणारा मागे वळून ओळ पुन्हा वाचू शकतो. भाषण ऐकणाऱ्याला ती सोय नसते. शिवाय 'मैंने उसे बंद किया' हे वाक्य बिनचूक म्हणण्यास जेवढी हिंदी यावी लागते, तेवढी 'अमूल्य देन' पाठ म्हणण्यास लागत नाही. पाठ केलेल्या भारी वाक्यात चूक झाकली जाते. स्वतः रचलेल्या साध्या वाक्यात ती उघडी पडते, आणि उघडी पडली म्हणूनच सुधारते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी स्वतःच मला घेतो. एका नळाचे दोन हंडे वाचले म्हणून जळगावची किंवा धुळ्याची पाणीटंचाई हटत नाही. शहराच्या जलवाहिन्यांतली गळती, धरणांतला साठा, शेतीला लागणारे पाणी ह्या गोष्टी विद्यार्थ्यांच्या हातच्या नाहीत, आणि त्या त्यांच्या हातच्या आहेत असे भासवणारे भाषण अप्रामाणिक ठरेल. माझे म्हणणे इतकेच की प्रार्थनासभेतील भाषणाने प्रार्थनासभेतल्या श्रोत्यांच्या आवाक्यातले मागावे. जी मागणी दुपारपर्यंत पुरी करता येते, ती मुले पुरी करतात. जी मागणी 'समस्त मानवजातीस' उद्देशून केलेली असते, ती प्रत्येकजण शेजाऱ्याची समजतो.

पंधरा दिवसांनी मी पाचवीच्या वर्गात विचारले की जलदिनाच्या भाषणातले काय आठवते. समुद्राच्या पाण्याचे आकडे त्यांनी त्याआधी अनेकदा ऐकलेले होते. ते एकालाही सांगता आले नाहीत. 'चौबीस' मात्र पुष्कळांनी सांगितले. मागच्या बाकावरच्या एका लहानशा मुलीने हात वर केला. तिला आकडा आठवत नव्हता. ती म्हणाली, "सर, मुलींच्या बाजूचा शेवटचा नळ गळत होता. मी कार्यालयात सांगून आले. त्याची पाटकरी मी आहे."